सरदीच्या भाताचा हिशेब आणि घरचे दिवस

गोव्यात भातशेती परवडते की नाही, या प्रश्नाची दोन ठाम उत्तरे ठरलेली आहेत. व्यासपीठावरून सांगितले जाते की आधारभूत किंमत उत्पादन खर्चाच्या दीडपट आहे, त्यामुळे शेती फायद्याची आहे. आणि गावच्या तिठ्यावर सांगितले जाते की शेतीत पैसे बुडतात, शहाण्याने त्यात पडू नये. या दोघांनाही ‘खर्चात काय काय धरलेत?’ असा साधा प्रश्न विचारला, तर दोघेही घुटमळतात. माझे म्हणणे असे की गोव्यासारख्या लहान कुणग्यांच्या, म्हणजे भातशेताच्या छोट्या तुकड्यांच्या, प्रदेशात किलोमागचा नफा-तोटा मोजून या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. घरच्या माणसाच्या एका दिवसामागे शेताने काय दिले, हे मोजले तरच ते सापडते. हे नुसते विधान राहू नये म्हणून एका सरदीच्या, म्हणजे पावसाळी, हंगामाची वही शेवटपर्यंत उलगडून पाहू.

या वहीचा मालक म्हणजे कोणी एक नेमका माणूस नव्हे. पेडणे-डिचोलीकडच्या कोणत्याही वाड्यावर भेटेल असा तो शेतकरी आहे. आकडे मी नमुन्यासाठी धरलेले आहेत, आणि ज्याला ते चुकीचे वाटतील त्याने आपले घालून पाहावेत. हिशेबाची रीत मात्र बदलू नये. त्याची जमीन चार हजार चौरस मीटर, तीन कुणग्यांत विभागलेली, पावसाच्या पाण्यावरची. जूनमध्ये त्याने ज्योती जातीच्या भाताचा तरवा टाकला, जुलैत लावणी केली आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस जरा उघडल्यावर हार्वेस्टर बोलावून कापणी केली.

वही उघडण्याआधीचा त्याचा तोंडी हिशेब असा होता. १,२०० किलो भात विकले, बाजारभाव आणि आधारभूत किमतीपर्यंत सरकारने भरून दिलेला फरक मिळून किलोला २४ रुपये पडले, म्हणजे २८,८०० रुपये आले. खर्च त्याच्या आठवणीप्रमाणे २४,००० रुपये. तेव्हा पावणेपाच हजार सुटले आणि वर घरात खायला भात राहिले. बहुतेक घरांत हंगामाचा निकाल इथेच लागतो, आणि तो चुकीचा लागतो. गंमत अशी की यात उत्पन्न आणि खर्च दोन्ही कमी धरलेले असतात, त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होऊनही निकाल वरवर खरा वाटतो.

आधी उत्पन्नाची बाजू पाहू. यंत्रातून निघालेले भात पोत्यांच्या अंदाजाने १,८०० किलो भरले होते, आणि गावात सांगताना तोच आकडा सांगितला जातो. पण त्या दाण्यात २० टक्के ओल होती. साठवायला आणि गिरणीला भात १४ टक्क्यांपर्यंत वाळवावे लागते, आणि वाळवल्यावर त्याच भाताचे वजन १,६७४ किलो भरते. म्हणजे ताडपत्रीवर चार दिवस उलथेपालथे करताना सव्वाशे किलो पाणी उडून गेले. ते कोणी चोरले नाही, पण ते भातही नव्हते. ओल मोजायचे यंत्र घरोघरी नसते. जुनी माणसे दाणा दाताखाली धरतात. तो कट्ट आवाज करून तुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन हवे. विक्री ओल्या वजनावर आणि भाव सुक्या भाताचा, असे कोणी करू देत नाही, म्हणून हिशेब सुक्या वजनावरच मांडावा.

त्या १,६७४ किलोंतले १,२०० विकले, ४७४ घरात राहिले. घरात राहिलेले भात हे उत्पन्नच आहे, कारण ते नसते तर दुकानातून तांदूळ आणावा लागला असता. ते कोणत्या भावाने धरायचे, हा खरा वादाचा मुद्दा. दुकानातल्या उकड्या तांदळाच्या भावाने धरले तर रक्कम वाढते, पण मग उकडण्याचे जळण, गिरणीची मजुरी आणि निघणारा कोंडा हे सगळे हिशेबात घ्यावे लागते, आणि तो शेताचा हिशेब न राहता स्वयंपाकघराचा होतो. मी विक्रीचाच भाव धरतो, म्हणजे ११,३७६ रुपये. अशा रीतीने शेताचे खरे उत्पन्न ४०,१७६ रुपये झाले. पेंढ्याचे काही धरलेले नाही, कारण हार्वेस्टरमधून तो तुकडे होऊन चिखलात पसरतो आणि गुरांसमोर टाकण्यासारखा क्वचितच राहतो. विळ्याने कापणी व्हायची तेव्हा पेंढ्याची गंजी ही वहीतली मानाची ओळ असे. यंत्राने मजुरी वाचवली ती दिसते, ही ओळ पुसली ती दिसत नाही.

आता खर्च. पॉवर टिलरची नांगरणी आणि चिखलणी ४,५००, बियाणे १,१००, खते आणि चुना २,६००, मेरा बांधायला आणि पाण्याची वाट काढायला दोन गडी १,६००, लावणीला आठ बायका, दिवसाला ६०० प्रमाणे ४,८००, बेणणीला २,४००, हार्वेस्टर दोन तास ५,२००, पोती, हमाली आणि टेम्पो १,८००. एवढे त्याला आठवत होते, आणि त्यांची बेरीज खरोखर २४,००० होते. वहीत सापडले ते पुढचे: दुकानातून उधारीवर आणलेले फवारणीचे औषध ७००, भात वाळवायला आणि भरायला लावलेल्या दोन माणसांची मजुरी १,२००, आणि लावणी-बेणणीच्या दिवसांतला चहा, पाव, जेवण ९००. ही सगळी रक्कम थोडी थोडी, वेगवेगळ्या खिशांतून जाते, म्हणून ती आठवणीत राहत नाही. फवारणीचा पंप, विळे, फावडी, ताडपत्री यांची एका हंगामाची झीज ७०० रुपये धरली तर एकूण खर्च २७,५०० रुपये झाला.

उत्पन्नातून हा खर्च वजा केला की १२,६७६ रुपये उरतात. तोंडी हिशेबापेक्षा आकडा चांगलाच मोठा आहे. त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा भाजी चिरत बसलेल्या बायकोने मान वर न करता विचारले, “यात माझे दिवस कुठे लिहिलेत?”

ते कुठेच लिहिलेले नव्हते, आणि त्याचे स्वतःचेही नव्हते. तरव्याची जागा तयार करणे, रात्रीच्या पावसानंतर पहाटे जाऊन फुटलेली मेर बुजवणे, लावणीला बायकांबरोबर स्वतः उतरणे, खत पसरणे, रानडुकरांसाठी राखण, हार्वेस्टरवाल्याच्या मागे फिरणे आणि शेवटी ताडपत्रीवरचे ते चार दिवस, या सगळ्या तासांचे पूर्ण दिवस केले तर त्याचे १४ आणि तिचे ९ भरतात. गावात चालणाऱ्या मजुरीने त्याचा दिवस ८०० आणि तिचा ६०० धरला तर १६,६०० रुपये होतात. एकाच कामाला दोन दर का, हा प्रश्न इथे उभा राहतोच. तिचाही दिवस आठशेने धरला तर तूट आणखी १,८०० रुपयांनी वाढते. पण आपण गावातलाच दर घेऊ. आता एकूण खर्च ४४,१०० होतो आणि हंगाम ३,९२४ रुपयांनी तोट्यात जातो. किलोमागे पाहिले तर हे भात पिकवायला २६ रुपयांच्या वर खर्च आला आणि विकले गेले २४ रुपयांनी.

इथे सरकारी आकडा शेजारी ठेवून पाहणे भाग आहे. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याची घोषणा झाली, आणि तेव्हापासून दर खरिपाला तसे गणित मांडून दाखवले जाते. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण प्रतीच्या भाताचा खर्च क्विंटलला १,५७९ रुपये धरून भाव २,३६९ ठरवला गेला. या खर्चाला ए२ अधिक घरची मजुरी असे म्हणतात, म्हणजे हातातून गेलेला पैसा, अवजारांची झीज, खेळत्या भांडवलाचे व्याज आणि कुटुंबाच्या श्रमाचे मोल. घरचे दिवस त्यात धरलेले असतात, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सरकार ते विसरते असा आरोप अनेकदा होतो, तो खरा नाही. अडचण वेगळीच आहे. तो आकडा साऱ्या देशाची भारित सरासरी असतो, आणि जिथे जास्त भात पिकते तिथल्या खर्चाचे वजन त्यात जास्त पडते. मैलभर सपाट शेते, स्वस्त मजुरी आणि दिवसभर न थांबता चालणारी यंत्रे असलेल्या राज्यांनी ठरवलेल्या सरासरीत गोव्याच्या कुणग्यांचा आवाज ऐकू येण्याइतका मोठा नाही. म्हणून देशासाठी क्विंटलला १,५७९ रुपये हा आकडा बरोबर असू शकतो आणि आपल्या शेतकऱ्याचा २,६०० च्या वरचा आकडाही बरोबर असू शकतो. व्यासपीठावरचा वक्ता खोटे बोलत नसतो. तो दुसऱ्याच शेताबद्दल बोलत असतो.

शेतकरी संघटना याच्या पुढे जाऊन सी२ खर्चाची मागणी करतात. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज हेही मिळवायचे असते. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे, पण गोव्यात त्यातली पहिली ओळ भरायला घेतली की हात थांबतो, कारण इथे शेतजमिनीच्या खंडाचा उघड बाजार जवळपास नाही. १९६४ च्या कृषी कुळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, आणि ते देणे आवश्यक होते. पण त्याचा एक परिणाम असा की जमीन कोणाला लेखी कसायला दिली तर ती हातची जाईल, ही भीती मालकांच्या मनात घर करून बसली. त्यामुळे शेत तोंडी बोलीवर, दोन पोती भातावर किंवा नुसत्या ‘पडीक राहू नये’ एवढ्यासाठी दिले जाते. अशा ठिकाणचा दर म्हणून आपण ३,००० रुपये धरले, तर तूट ६,९२४ वर जाते. आणि काही जण करतात तसे, जमिनीची विक्री-किंमत धरून तिच्यावरचे व्याज मोजायला बसलो तर आकडा इतका फुगेल की त्याला काही अर्थ राहणार नाही. ती किंमत भाताने ठरवलेली नाही, घरे बांधू पाहणाऱ्यांनी ठरवलेली आहे. जमीन महागली म्हणून हंगामाने कमावले असे होत नाही, आणि त्याच न्यायाने हंगाम बुडाला असेही होत नाही.

तर एकाच शेताच्या एकाच हंगामाला चार निकाल मिळाले: तोंडी हिशेबात पावणेपाच हजारांचा फायदा, वहीत साडेबारा हजारांहून थोडा जास्त, घरची मजुरी धरल्यावर चार हजारांची तूट, आणि खंड धरल्यावर सात हजारांची. यातला कोणता खरा, असे विचारणाऱ्याला मी सांगेन की प्रश्न उलटा करा. घरच्या दिवसाला बाहेरचा दर लावून मग तूट मोजण्याऐवजी, हातात उरलेले १२,६७६ रुपये २३ दिवसांनी भागा. दिवसाला सुमारे ५५० रुपये येतात. याचा अर्थ स्पष्ट आहे: शेताने मालक आणि मालकिणीला रोजी दिली, पण त्यांच्याच चिखलात लावणीला आलेल्या बाईला मिळाली तिच्यापेक्षा कमी दिली, आणि तिला चहा-जेवण मिळाले ते वेगळे, जमिनीच्या वाट्याला तर काहीच आले नाही.

हा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण घरच्या श्रमाचे मोल किती धरावे या वादात त्याला पडावे लागत नाही. एक बाजू म्हणते की घरच्या श्रमाला खर्च म्हणू नये, कारण पैसा बाहेर जात नाही, आणि पहाटे मेर बुजवायला गेलेल्या माणसाला त्या दोन तासांसाठी दुसरे काम कोण देणार होते? दुसरी बाजू म्हणते की श्रम फुकट धरणे म्हणजे बायकोचे नऊ दिवस हवेत सोडणे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. दिवसामागची रोजी काढली की निर्णय त्या घराकडे जातो: निवृत्त माणसाला ५५० रुपये चालतील, बांधकामावर हजार मिळवणाऱ्या त्याच्या मुलाला चालणार नाहीत. गावोगाव नेमके हेच घडताना दिसते. बाप शेत करतो, मुलगा करत नाही, आणि त्याला आळशी ठरवून आपण मोकळे होतो. वास्तविक दोघांनीही आपापला हिशेब बरोबर केलेला असतो.

पुढच्या वर्षी पेरावे का, हा प्रश्नही याच आकड्याने सुटतो आणि तुटीच्या आकड्याने चुकतो. शेत पडीक टाकले तर चार किंवा सात हजार वाचणार नाहीत. उलट हातात येणारे बारा-तेरा हजार जातील. म्हणून तोट्यात दिसणारे शेत पुन्हा पेरले जाते. आणि पेरले गेले की पेऱ्याखालचे क्षेत्र दाखवून, शेती परवडते म्हणूनच लोक करतात, असा निष्कर्ष कोणीतरी काढतो. क्षेत्राच्या आकड्यावरून एवढेच कळते की त्या घरांच्या दिवसांना यापेक्षा चांगले गिऱ्हाईक मिळाले नाही.

मात्र ही रोजी किती नाजूक आहे, हेही पाहिले पाहिजे. याच शेतात कापणीच्या आधी दोन रात्री जोराचा पाऊस झाला आणि पीक आडवे पडले, असे समजा. आडव्या भातात हार्वेस्टर हळू चालतो, दोनाचे तीन तास होतात. काही लोंब्या चिखलात राहतात, काही दाणे रुजतात, आणि सुके भात १,४०० किलोच भरते. उत्पन्न ३३,६०० वर येते, खर्च ३०,१०० वर जातो, आणि २३ दिवसांच्या घरच्या कष्टांना साडेतीन हजार, म्हणजे दिवसाला दीडशे रुपये पडतात. गोव्यात पाऊस परततो तो साधारण ऑक्टोबरच्या मध्याला, आणि जूनमध्ये टाकलेली ज्योती तयार होते तीही त्याच सुमारास. हा धोका दर वर्षी दारात उभा असतो. त्यामुळे एका चांगल्या वर्षाच्या वहीवरून कोणी निष्कर्ष काढू नये, तीन-चार वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून काढावा.

आता सार्वजनिक पैशाचा प्रश्न. दर काही वर्षांनी आधारभूत किंमत किलोमागे दोन रुपयांनी वाढवण्याची मागणी होते, वाढ झाली की फटाके वाजतात. आपल्या वहीत ती घालून पाहू. वाढ मिळते ती विकलेल्या १,२०० किलोंवर, म्हणजे २,४०० रुपये; रोजी ५५० वरून साडेसहाशेच्या थोडी वर जाते. हे काही वाईट नाही. पण जो शेतकरी आपले सगळे भात घरात खातो त्याला यातून एक पैसाही मिळत नाही, आणि ज्याचे पीक आडवे पडले त्याच्याकडे विकायला कमी असल्याने त्याला कमी मिळते. गरज जिथे जास्त तिथे मदत कमी, अशी ही रचना आहे. तेच पैसे पेरलेल्या क्षेत्रावर, चौरस मीटरच्या हिशेबाने आणि प्रत्यक्ष पीक पाहून दिले, तर खाणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सारखेच मिळतील. यावर रास्त आक्षेप असा की मग उत्पादन वाढवायला प्रोत्साहन राहणार नाही आणि काही जण नावापुरते पेरतील. नावापुरती पेरणी रोखायला लावणीनंतर एकदा आणि लोंबी आल्यावर एकदा अशी दोन वेळा पाहणी लागेल, आणि ते काम विभागीय कृषी कार्यालयांच्या आजच्या मनुष्यबळाला जड जाईल, हे मी नाकारत नाही. पण उत्पादनाचे प्रोत्साहन काही संपत नाही. भाव तर मिळणारच आहे.

दुसरी ओळ हार्वेस्टरची. चार हजार चौरस मीटरला दोन तास लागले, त्यातला बराच वेळ कापण्यात गेलाच नाही. यंत्र एका कुणग्यातून दुसऱ्यात नेणे, कोपऱ्यात वळवणे, मध्ये पडीक राहिलेल्या शेतातल्या झुडपांना वळसा घालणे यात गेला. शेजारच्या दहा जणांनी एकाच जातीचे भात एकाच आठवड्यात लावले आणि यंत्र एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघाले, तर याच शेताला सव्वा तास पुरावा. वाचलेला पाऊण तास म्हणजे १,९५० रुपये, किलोमागच्या त्या दोन रुपयांच्या जवळपास, आणि तेही तिजोरीतून काही न देता. यासाठी कोणीतरी जूनमध्येच दहा घरांना एकत्र बसवून जात आणि तारीख ठरवायला हवी. शेजारचे शेत पडीक पडले की खर्च वाढतो तो राहिलेल्यांचा, आणि ही वाढ पडीक टाकणाऱ्याच्या वहीत कुठेच येत नाही, म्हणून हे काम बाजार आपोआप करणार नाही.

आणि किंमत जाहीर करताना तिच्यासोबत खर्चाचा तक्ता जाहीर व्हावा: बार्देश, सत्तरी, सासष्टी यांचा वेगवेगळा, सरद आणि पावसाळ्यानंतरच्या वायंगणाचा वेगवेगळा, चार हजार चौरस मीटरला बसवलेला, घरच्या दिवसांची ओळ बायका-पुरुषांची स्वतंत्र दाखवणारा, आणि शेवटी दिवसामागे उरणारी रोजी सांगणारा. शेतकऱ्याने तो आपल्या वहीशेजारी ठेवावा आणि जिथे फरक पडेल तिथे बोट ठेवून कृषी अधिकाऱ्याला विचारावे.